गावात 'मेजर', गेटवर 'वॉचमन'. मधला हुद्दा वाचणार कोण?

मंडळी, आपल्या भागात फौजेतून आलेल्या प्रत्येक माणसाला सरसकट 'मेजर' म्हणायची पद्धत आहे. शिपाई म्हणून निवृत्त झाला असो की सुभेदार म्हणून, एसटी स्टँडवर, पारावर, लग्नाच्या मांडवात हाक एकच, "या मेजर, बसा." त्यात प्रेम आहे, मान आहे, माझी तक्रार नाही. पण हाच मेजर महिन्याभराने नोकरीसाठी एमआयडीसीत जातो, तिथे त्याला एकच प्रश्न विचारतात, "डे करणार का नाईट?" आणि तो गेटवर उभा राहतो. गावाने त्याला तीन-चार पायऱ्या वर चढवलं, कंपनीने दहा पायऱ्या खाली उतरवलं. त्याचा खरा हुद्दा काय होता आणि त्या हुद्द्यावर त्याने नेमकं काय काम केलं, हे ना गावाने विचारलं ना कंपनीने.

आज यावर थोडं कडक लिहितोय. कोणत्याही एका कंपनीचं किंवा एजन्सीचं नाव घेणार नाही, कारण हा प्रकार फलटण, लोणंद, शिरवळ, सातारा, थेट सांगलीपर्यंत सगळीकडे तोच आहे. कारखाना असो, दवाखाना असो, कॉलेज असो नाहीतर पतसंस्था असो.

आधी शब्दांचा घोळ बघा. 'हवालदार' म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर पोलीस चौकीतला हवालदार येतो. 1975 साली दादा कोंडक्यांचा 'पांडू हवालदार' आला आणि तो शब्द कायमचा विनोदी झाला. सैन्यातल्या हवालदाराच्या बाहीवर तीन फिती असतात. इन्फंट्रीत दहा जणांचा सेक्शन त्याच्या हुकमावर चालतो. त्या दहा जणांचं जेवण, झोप, हत्यार, रजा आणि वेळ आली तर जीव, हे सगळं त्याच्याकडे. एचआरमधल्या पोराच्या कानावर मात्र 'हवालदार' एवढाच शब्द पडतो आणि त्याच्या डोक्यात काठी आणि शिट्टी येते.

याच मातीत या शब्दाचं वजन काय होतं ते आठवा. शिवकाळात किल्ल्याचा हवालदार म्हणजे किल्ल्याचा मुख्य अधिकारी. दरवाजाच्या किल्ल्या त्याच्याकडे. हजेरी आणि जमाखर्च सबनीसाकडे, धान्याची कोठारं आणि साहित्य कारखानीसाकडे. आजच्या भाषेत सांगायचं तर सिक्युरिटी, ऑफिस आणि स्टोअर ही तीन खाती वेगवेगळ्या माणसांकडे, म्हणजे एकावर दुसऱ्याचा वचक. आपल्या तालुक्यात ताथवड्याला संतोषगड उभा आहे, तिथे जाऊन सेल्फी काढणाऱ्यांनी हे जरा लक्षात ठेवावं. शब्द तोच राहिला, अर्थ मात्र घसरत घसरत गेटपर्यंत आला.

आता दुसरी बाजू. सध्या व्हॉट्सॲपवर तक्ते फिरतात. हवालदार म्हणजे सुपरवायझर, नायब सुभेदार म्हणजे असिस्टंट मॅनेजर, सुभेदार म्हणजे मॅनेजर, सुभेदार मेजर म्हणजे सीनियर मॅनेजर. वाचायला छान वाटतं. माझं स्पष्ट मत आहे की हे तक्तेही तेवढंच नुकसान करतात. ते घेऊन आमचा सुभेदार मुलाखतीला जातो, "मी मॅनेजर लेव्हलचा आहे" असं सांगतो, समोरचा विचारतो "काय मॅनेज केलं?", आणि उत्तर येतं, "सगळंच." मुलाखत तिथे संपते.

कारण हुद्दा म्हणजे काम नव्हे. दोन हवालदार घ्या. एक रेजिमेंटल सेंटरला पाच वर्षं रंगरुटांना ड्रिल आणि फायरिंग शिकवत होता. दुसरा तेवढीच वर्षं कंपनीचं भांडार सांभाळत होता. फिती दोघांच्याही तीनच, पगाराची लेव्हलही एकच. पण कारखान्याच्या दृष्टीने पहिला ट्रेनिंगचा माणूस आणि दुसरा स्टोअरचा. दोघांनाही 'सुपरवायझर' लिहिलं की दोघांचंही खरं कसब झाकलं जातं. फौजेत हुद्दा वेगळा आणि अपॉइंटमेंट, म्हणजे प्रत्यक्ष नेमणूक, वेगळी. नोकरीच्या बाजारात भाषांतर करायचं ते नेमणुकीचं. हुद्दा जसाच्या तसा ठेवायचा आणि पुढे '(निवृत्त)' लिहायचं.

एक उदाहरण सविस्तर सांगतो, म्हणजे हवेत बोलतोय असं वाटणार नाही. नाव, गाव, पलटण काहीच सांगत नाही. तालुक्यातलाच माणूस. त्याचा बायोडाटा माझ्याकडे आला, "दादा, जरा मराठी-इंग्रजी नीट करून द्या" म्हणून. त्यात लिहिलं होतं: हवालदार (जीडी), इन्फंट्री, सेवा 24 वर्षे, शिस्तप्रिय, प्रामाणिक, कष्टाळू, मिळेल ते काम करण्यास तयार. संपलं. चोवीस वर्षं चार ओळींत गेली. 'मिळेल ते काम' वाचल्यावर एजन्सीवाला काय देणार? तेच, जे कुणालाच नको असतं.

मी त्याला विचारलं, शेवटची चार-पाच वर्षं रोज सकाळी उठून काय करत होतात? म्हणाला, "सीक्यू होतो की." सीक्यू म्हणजे कंपनी क्वार्टर मास्टर हवालदार. इन्फंट्रीची कंपनी साधारण 120 जणांची. एवढ्या माणसांचा शिधा, कपडे, पलंग-गाद्या, तंबू, भांडी आणि बाकीचं सगळं साहित्य त्याच्या चार्जमध्ये. कोण रजेवर गेला, कोण कोर्सला गेला, कोण परत आला, यावर रोजचा जेवणाचा आकडा बदलतो आणि त्या आकड्यावर मागणी जाते. प्रत्येक वस्तू लेजरवर. कुणी चार्ज सोडला की मोजदाद करून दुसऱ्याच्या ताब्यात द्यायची, दोघांच्या सह्या. वस्तू कमी भरली तर ती का कमी, कुणाकडून गेली, वसुली कुणाकडून, याचा कागद तयार करायचा. वापरून झालेली वस्तू नुसती फेकता येत नाही, ती बाद ठरवायला अधिकाऱ्यांचा बोर्ड बसतो.

हे ऐकून मी हात जोडले. आपल्याकडच्या कित्येक पतसंस्थांत आणि कारखान्यांत इतकी शिस्तीची मोजदाद होत नाही. मग आम्ही दोघांनी बसून त्याच चोवीस वर्षांतला हा भाग असा लिहिला:

हवालदार (निवृत्त), भारतीय सैन्यदल. शेवटची नेमणूक: 120 जणांच्या तुकडीचा भांडार आणि निवास-व्यवस्था प्रमुख, 4 वर्षे. रोजची हजेरी पाहून शिध्याची मागणी आणि वाटप. कपडे, तंबू, भांडी यांची आवक-जावक नोंदवही. वर्षाची साठा-मोजणी आणि तपासणीला सामोरे जाणे. तुकडी एका ठिकाणाहून दुसरीकडे हलताना सर्व साहित्याची बांधणी, रेल्वे आणि ट्रकने वाहतूक, पोहोचल्यावर पुन्हा मोजणी.

यात एकही शब्द फुगवलेला नाही. 'मॅनेजर' शब्द नाही, 'लीडरशिप' नाही. तरी कारखान्यातल्या कुणीही हे वाचलं तर त्याला कळेल की हा स्टोअर, कँटीन, हॉस्टेल, गेस्ट हाऊस, अ‍ॅडमिन या बाजूचा माणूस आहे. गेटवर उभा केला तर वाया जाईल.

हीच पद्धत दुसऱ्या ट्रेडलाही लागते. एमटीचा नाईक वीस गाड्यांची हजेरी, डिझेलचा हिशेब आणि ड्रायव्हरची ड्युटी लावत असेल, तर ते काम कंपनीच्या ट्रान्सपोर्ट विभागाला जसंच्या तसं कळतं. क्लार्क ट्रेडचा सुभेदार वीस-पंचवीस वर्षं माणसांच्या सेवेचे, रजेचे, पगाराचे, पेन्शनचे कागद हाताळतो. त्याला 'सिक्युरिटी ऑफिसर'च्या रांगेत उभं करणं म्हणजे तलाठ्याला बंदूक देऊन रात्रपाळीला पाठवण्यासारखं आहे. प्रत्येक भाषांतराला चार गोष्टी लागतात: किती माणसं, कोणतं साहित्य, किती वर्षं आणि चूक झाली तर जबाबदार कोण. या चार उत्तरांशिवाय कोणताही हुद्दा बाहेरच्या माणसाला कळत नाही.

आता फौजी बांधवांना कडू वाटेल ते सांगतो. त्या हवालदाराला मी हेही सांगितलं की तुम्हाला काय येत नाही ते ओळखा. फौजेत बहुतेक माल ठरलेल्या वाटेने, ठरलेल्या दराने येतो. कारखान्यात तीन कोटेशन मागवायची, भाव पाडायचा, जीएसटीचं बिल तपासायचं, संगणकावर नोंद करायची. ठेकेदाराच्या कामगारांचा पीएफ, ईएसआय भरला की नाही ते बघायचं. हे काम अवघड नाही, पण ते शिकावं लागतं. "चोवीस वर्षं केलंय" म्हटल्याने ते येत नाही.

दुसरी अडचण माणसांची. सैन्यात युनियन नसते, आर्मी अ‍ॅक्ट 1950 मध्येच त्यावर बंधन आहे. कारखान्यात युनियन असते, आणि ती असणं कामगाराचा हक्क आहे. तिथे "हुकूम आहे" म्हणून काम होत नाही. नोटीस द्यावी लागते, म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. निवृत्त फौजी पहिल्या सहा महिन्यांत नोकरी सोडतो, त्याचं कारण पुष्कळदा पगार नसतो. तो कँटीनच्या पोरावर ओरडतो, पोरगा उलट बोलतो, वरचा साहेब पोराची बाजू घेतो आणि आमचा माणूस अपमान झाला म्हणून घरी येतो. इथे अपमान कुणीच केलेला नसतो, नियम वेगळे असतात एवढंच.

तिसरी अडचण आपल्या मराठीची. आपण 'सिक्युरिटी'लाही सुरक्षा म्हणतो आणि 'सेफ्टी'लाही सुरक्षाच म्हणतो. जाहिरातीत 'सुरक्षा अधिकारी' वाचून माजी सैनिक अर्ज करतात आणि पद सेफ्टी ऑफिसरचं निघतं. सेफ्टी ऑफिसर हे कायद्याने ठरवलेलं पद आहे. मोठ्या कारखान्याला तो नेमावाच लागतो आणि त्यासाठी औद्योगिक सुरक्षेचा ठरावीक अभ्यासक्रम लागतो. बंदूक चालवण्याचा किंवा आग विझवण्याच्या ड्रिलचा अनुभव तिथे पुरत नाही. अर्ज करण्याआधी एक फोन करून विचारा, सेफ्टी की सिक्युरिटी? पोराचं एसटी भाडं तरी वाचेल.

आणि जे सुभेदार मेजर ऑनररी कॅप्टन होऊन आले, त्यांनी 'ऑनररी' हा शब्द गाळू नये. तो मान खूप मोठा आहे, फार थोड्यांना मिळतो. पण नुसतं 'कॅप्टन' लिहिलं आणि समोर बसलेला अ‍ॅडमिन हेड स्वतः निवृत्त कर्नल निघाला, तर दोन मिनिटांत उलगडा होतो आणि खरी असलेली तीस वर्षंही संशयात जातात.

आता कंपन्या आणि एजन्सीवाल्यांकडे वळतो, कारण मोठा वाटा त्यांचा आहे.

खासगी सुरक्षा एजन्सींसाठी 2005 चा केंद्राचा कायदा आहे, ज्याला सगळे 'पसारा' म्हणतात. त्यात एक बारीक पण महत्त्वाचा फरक आहे. गार्ड नेमताना माजी सैनिकाला प्राधान्य 'देता येईल' असं म्हटलंय. सुपरवायझर नेमताना मात्र सैन्यदल, पोलीस वगैरेंत किमान तीन वर्षं काढलेल्या माणसाला प्राधान्य 'दिलं पाहिजे' असं म्हटलंय. म्हणजे कायद्याने माजी सैनिकाची जागा गार्डच्या वर धरली आहे. केंद्राच्या नमुना नियमांत पंधरा गार्डांमागे एक सुपरवायझर आहे. प्रशिक्षणही साध्या उमेदवाराला 100 तास वर्गात आणि 60 तास मैदानावर, तर माजी सैनिकाला 40 आणि 16 तास. त्याला बरंच काही आधीच येतं हे सरकारनेही मान्य केलंय. मग आपल्या भागात साइटवर जाऊन बघा. चोवीस वर्षांचा हवालदार गार्ड आणि मालकाच्या ओळखीतला बारावी झालेला पोरगा सुपरवायझर. असं चित्र दिसलं तर एजन्सीला एकच प्रश्न विचारा, कायद्यातलं प्राधान्य कुठे दिलंत ते दाखवा.

यावर ठरलेलं उत्तर येतं, "त्यांना पेन्शन आहे हो, त्यांना काय कमी!" या वाक्याची मला भयंकर चीड आहे. पेन्शन त्याने पंधरा वर्षांहून जास्त नोकरी करून कमावली, ती सरकार देतं. तुम्ही तुमच्या खिशातून देत नाही, मग तुमच्या पगारातून ती वजा कशी करता? शेजारच्या माणसाच्या घरी शेती आहे म्हणून त्याचा पगार कमी करता का? आणि हिशेब बघा. आठवडा 48 तासांचा धरला जातो. बारा तासांची ड्युटी सहा दिवस केली की 72 तास होतात. वरच्या 24 तासांना दुप्पट दर, म्हणजे ते 48 तासांइतके. मजुरी 96 तासांची झाली. हातात किती तासांची पडते ते ज्याने त्याने पगाराच्या स्लिपवर बघावं, स्लिप मिळत असेल तर.

अधिकाऱ्यांचं चित्र वेगळं आहे. कर्नल, कमांडर, विंग कमांडर यांना कंपन्या ओळखतात. पुनर्वास महासंचालनालय त्यांच्यासाठी आयआयएमसारख्या संस्थांत 24 आठवड्यांचे व्यवस्थापन अभ्यासक्रम चालवतं. तिथे त्यांना आपलं काम कंपनीच्या भाषेत मांडायला शिकवलं जातं. चांगली गोष्ट आहे. जवान आणि जेसीओंसाठीही अभ्यासक्रम आहेत, पण त्यात सिक्युरिटी, संगणक, वाहन असे लहान कोर्स जास्त. म्हणजे एकाला भाषा शिकवली जाते आणि दुसऱ्याला पुन्हा उभं राहायला शिकवलं जातं. गावात परत येतात ते मुख्यतः दुसरे. आपल्या जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांत पिढ्यानपिढ्या जाणारे हेच आहेत.

हे आज लिहायचं कारणही सांगतो. अग्निपथ योजना 2022 ची. चार वर्षं पूर्ण झाल्यावर जास्तीत जास्त पंचवीस टक्के मुलं कायम होणार, बाकीची परत येणार. पहिल्या तुकडीचं प्रशिक्षण 2023 च्या सुरुवातीला सुरू झालं, म्हणजे हिशेब तुम्हीच करा. त्यांच्या हातात सेवा निधीचे पैसे आणि कौशल्याचा दाखला असेल, पण पेन्शन नसेल आणि हवालदाराच्या तीन फितीही नसतील. चोवीस वर्षांचा अनुभव वाचता न येणारा बाजार चार वर्षांचा अनुभव काय वाचणार? ज्या पोराने तिथे रेडिओ सेट चालवला, जनरेटर दुरुस्त केला, नर्सिंग असिस्टंटचं काम शिकलं, तोही गेटवरच दिसेल. तो तर पंचविशीचा असेल, समोर पस्तीस वर्षं उरलेली.

म्हणून माझ्या मागण्या थोड्याच आणि साध्या आहेत.

कंपन्यांनी माजी सैनिकाचं डिस्चार्ज बुक उघडून वाचावं. त्यात ट्रेड आहे, केलेले कोर्स आहेत, चारित्र्याचा शेरा आहे, वैद्यकीय श्रेणी आहे. ते कळत नसेल तर शेवटच्या दोन नेमणुका विचारा आणि वर सांगितलेल्या चार गोष्टी विचारा. दहा मिनिटांचं काम आहे.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने नावनोंदणीच्या वेळी हुद्द्याबरोबर शेवटच्या नेमणुकांचं मराठीत एक पान भरून घ्यावं आणि एमआयडीसीतल्या कंपन्यांना हुद्द्यांच्या यादीऐवजी कामांची यादी पाठवावी. "आमच्याकडे दहा हवालदार आहेत" याला काही अर्थ नाही. "आमच्याकडे तीन भांडारवाले, दोन वाहनवाले, चार प्रशिक्षक आणि एक कागदपत्रवाला आहे" याला अर्थ आहे.

आणि फौजी बांधवांनो, 'मिळेल ते काम करण्यास तयार' ही ओळ आजच्या आज खोडा. तयार असणं चांगलं, पण ती ओळ लिहिली की तुमची किंमत समोरचा ठरवतो.

ज्यांना बायोडाटा लिहायला अडचण आहे त्यांनी डिस्चार्ज बुकची झेरॉक्स घेऊन यावं, मी बसून लिहून देईन, पैसे नकोत. आणि एजन्सीवाल्या मित्रांना यातलं काही चुकीचं वाटत असेल तर त्यांनी इथेच, नावानिशी, पंधरा गार्डांमागचा त्यांचा सुपरवायझर कोण आहे आणि तो आधी काय करत होता ते लिहावं. मी शेअर करतो.